ढगांची म्हैस

शाळा उघडून चारच दिवस झाले होते. पहिलीची निम्मी पोरं अजून दाराशी आई दिसते का ते बघत बसायची, आणि आमच्या मुख्याध्यापिका मॅडम वर्गात येऊन म्हणाल्या, "चांगला पाऊस झाला की त्या आठवड्यात परिपाठाला पहिलीचं काहीतरी घ्या. दोन मिनिटांच्या आत. अभिनयासहित." मी हो म्हणून टाकलं. पावसाची बडबडगीतं काय, शंभर असतील असं वाटलं होतं.

असतात, पण त्यातली बरीचशी कोकणातली निघतात. त्यांत पाऊस आधीपासूनच पडत असतो. नदी दुथडी भरलेली, बेडूक ओरडताहेत, सगळं हिरवंगार. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं. इथे पहिला पाऊस यायच्या आधी दोन महिने पारा ४३-४५ ला टेकलेला असतो. पोरांना पहिला पाऊस म्हणजे काय ते पायाच्या तळव्यांना माहीत असतं. शेवटी म्हटलं, आपणच जुळवू. आठ-दहा ओळी तर लिहायच्या.

पहिला मसुदा रात्री स्वयंपाक आटोपल्यावर लिहिला. "मृगाच्या सरी बरसल्या, वसुंधरा ही हर्षली" असा काहीसा होता. मला तेव्हा तो फार छान वाटला, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणून दाखवला. एक जण म्हणाला, "मुरुगाच्या". दुसरीने विचारलं, "वसुंधरा कोन, मॅडम?" हर्षली तर कोणाच्या तोंडातून निघेचना. सहा वर्षांच्या तोंडात मृ, र्ष असली अवघड अक्षरं ओळीच्या मधे आली की पोर तिथे अडखळतं, आणि पंचवीस पोरं पंचवीस ठिकाणी अडखळली की समूहगायनाचा नुसता गलका होतो. शिवाय त्या दोन ओळींत करायला कृतीच नव्हती. हर्षली हे हाताने कसं करून दाखवणार? कागद फाडला.

दुसरा मसुदा सोपा केला:

ढग आले काळे काळे,
कुठून कुठून धावत आले.

शब्द सोपे, धावायची कृतीही होती. पण पोरांनी म्हटलं तेव्हा काहीतरी मोडल्यासारखं वाटलं. मला कळेना. मग वर्गाच्या मागच्या भिंतीशी जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून नुसतं ऐकलं. पोरं म्हणत होती, "ढग आले काये काये, कुठून कुठून धावत आले." यमक गेलं होतं!

आमच्याकडे ळ चा य होतो. शाळा नाही शाया, डोळा नाही डोया, जळगाव नाही जयगाव. या भागात घरोघरी लेवा बोली, माझं माहेर साक्रीकडचं, तिथे अहिराणी, पण ळ च्या बाबतीत दोन्हीकडे तीच तऱ्हा. डी.एड.ला असताना मीसुद्धा आरशासमोर उभी राहून "काळा कावळा" घोकलेलं आहे. मग माझ्याच लक्षात हे आधी यायला नको होतं का? पण लिहिताना आपण पुस्तकी मराठीत लिहितो आणि तसंच मनात ऐकतो. काळे आणि आले हे यमक तसंही ढिलंच, ळ आणि ल मधल्या जवळिकीवर कसंबसं टिकलेलं. ळ चा य झाला की तेही संपलं.

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे आधी ळ घटवून घ्यायचा आणि मग गाणं. ते मी करणार नव्हते. ळ शिकवायला वर्ष पडलंय, आणि पोर पहिल्यांदा सगळ्या शाळेपुढे उभं राहतं तेव्हा त्याच्या जिभेची परीक्षा घ्यायची नसते. दुसरी वाट म्हणजे ओळीच्या शेवटी ळ येऊच द्यायचा नाही. मधे आला तर येऊ दे, पोर त्याला य म्हणो की ळ म्हणो, ताल बिघडत नाही आणि यमकही जागेवर राहतं. मी तो नियम धरला. ज्यांच्या शाळेत बोली वेगळी आहे त्यांनी यमक ठरवण्याआधी ते पोरांच्या तोंडून एकदा ऐकावं, एवढंच म्हणेन.

मग ढग कशासारखा हा प्रश्न आला. हत्तीसारखा ढग सगळ्या पुस्तकांत आहे, म्हणून तो मला नको होता. आमच्याकडे कापूस, म्हणून "ढग कापसाची गाठोडी" असं म्हणून बघितलं. पहिल्या बाकावरचा एक जण लगेच म्हणाला, "कापूस त पांढरा राहतो, मॅडम. पान्याचा ढग काया राहतो." बरोबर होतं त्याचं. पावसाचा ढग पांढरा दाखवला तर शेतकऱ्याचं पोर हसणारच. मी विचारलं, "मग काया कोण असतो?" कावळा, तवा, शिक्षकांची मोटारसायकल, अशी उत्तरं आली आणि मग तीन-चार जणांनी एकदम सांगितलं, "म्हैस!"

म्हैस मिळाली आणि गाण्याला चाल मिळाली. म्हैस काळी आहे, जड आहे, घाईने येत नाही, डुलत येते. पावसाचा ढगही सातपुड्यावरून तसाच येतो. आणि म्हशीची कृती करायला सोपी, दोन्ही हात डोक्यावर नेले की शिंगं झाली. मैदानावर शेवटच्या रांगेतल्या सातवीच्या पोरालाही ती दिसणार. बोटांच्या बारीक कृती वर्गात गोड दिसतात, पण परिपाठाला समोर दीडशे पोरं असतात, तिथे कोपरापासून पुढे हलेल तेवढंच दिसतं.

ताल मी मांडीवर थाप मारून तपासते. मात्रा मोजायला बसले तर आमच्या बोलण्यातली अक्षरं आणि कागदावरची अक्षरं जुळत नाहीत. "तापली" कागदावर तीन अक्षरं, तोंडात ताप्-ली एवढंच. म्हणून प्रत्येक ओळीला चार थापा, बस्. ताप्ली, माती, भाज्ले, पाय. शेवटची थाप शक्यतो एकाच लहान शब्दावर पडावी असं बघितलं. कारण पाय, काय, टर्र, धप असा शब्द आला की त्याच्यामागे चिमूटभर जागा उरते, आणि पोरं तिथेच श्वास घेतात. ती जागा ठेवली नाही तर चौथ्या ओळीपासून निम्मा वर्ग श्वासासाठी मधेच थांबतो आणि ओळी एकमेकींवर चढतात.

तिसऱ्या मसुद्यात वाऱ्याची ओळ अशी होती: "वारा सुटला, केळी हलल्या, धपाधप धप खाली पडल्या." कृती तर पोरांच्या आवडीची, सगळ्यांनी खाली बसकण मारायची. म्हणून दाखवलं, सगळे धपाधप बसले, हसले. एक जण उभाच राहिला. मला वाटलं त्याला कळलं नाही. मी परत करून दाखवलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आमची केयी पडली, मॅडम."

आठ दिवसांपूर्वीच्या वावटळीत आमच्या शिवारातल्या बऱ्याच बागा आडव्या झाल्या होत्या. घड लागलेली केळ वरून जड असते, खोड पाणीदार, मुळं उथळ. पहिल्या पावसाच्या आधीचा वारा आला की ती मधून मोडते नाहीतर मुळासकट कलंडते. मला हे माहीत होतं. रोज त्याच बागांवरून स्कूटीने जाते मी. तरी ओळ लिहिली होती. ती तिथेच खोडली.

पण केळ गाण्यातून काढावीशी वाटेना, नाहीतर मग हे कुठल्याही गावचं गाणं झालं असतं. वाऱ्याने केळीची पानं फाटतात, ते तर बारा महिने चालू असतं, त्यात कोणाची बाग पडत नाही. आणि पान फाटण्याला आवाज आहे, टर्र. दोन्ही हात छातीपाशी जोडून झटक्यात बाजूला ओढायचे. आवाज आणि हात एकाच क्षणी. ही गाण्यातली सगळ्यात यशस्वी ओळ ठरली. ज्यांना र नीट येत नाही ती "टल्ल" म्हणतात, पण वरच्या ओळीत "सल्ल" म्हणतात, तेव्हा त्यांचंही यमक जुळतंच.

पावसाच्या ओळीत आधी "पाण्यात उडी, धप धप धप" होतं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या पान्यात कुठलं पानी साचतं, मॅडम? भेगाच पिऊन टाकता सगळं." खरंच होतं. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस जमिनीवर दिसतच नाही, आत जातो. डबक्यात उड्या जुलैत. पाण्यात काढून अंगणात घातलं. थापा तेवढ्याच राहिल्या.

शेवटी जे तयार झालं ते असं:

तापली माती, भाजले पाय,
वरती बघा, दिसतंय काय?

ढगांची म्हैस आली डुलत,
शिंगं वाकडी, शेपूट हलत.

वारा सुटला सर्र सर्र सर्र,
केळीची पानं फाटली टर्र!

एक थेंब, दोन थेंब, टप टप टप,
अंगणात उडी, धप धप धप!

वास मातीचा घ्या रे घ्या,
पहिल्या पावसाला टाळ्या द्या!

पहिल्या ओळीला चटका बसल्यासारखे पाय आळीपाळीने उचलायचे. दुसरीला कपाळावर हात धरून वर बघायचं. मग शिंगं, आणि डुलणं. वाऱ्याला दोन्ही हात वर करून एका बाजूने दुसऱ्या बाजूला, मग टर्र. थेंबांना तळहातावर बोटं, मग तीन उड्या, लांब श्वास, आणि टाळ्या.

शेवटच्या दोन ओळी शांत का, तर उड्यांमुळे. तीन उड्या मारल्यावर सहा वर्षांचं पोर धापा टाकतं. आधी माझ्याकडे उड्यांनंतर आणखी एक जोरकस ओळ होती, आणि ती कोणालाच म्हणता येत नव्हती, नुसते तोंड उघडे. मग मातीचा वास आणला. "घ्या रे घ्या" म्हणून झालं की दोन थापा गप्प राहून नाकाने जोरात श्वास ओढायचा. वासाचा अभिनय होतो आणि दमही परत येतो. श्वास ओढताना बोलता येत नाही, म्हणून ही कृती शब्दांनंतरच. टर्र, टप, धप यांच्या कृती मात्र शब्दाबरोबरच.

शब्द आणि कृती यांचं हे नातं मला शिकवताना कळलं. पहिल्या दिवशी मी शब्द आणि कृती एकदम दिल्या. समोरून बघताना फार छान चाललं होतं. सगळ्यांचे हात हलत होते. मागे जाऊन ऐकलं तर आवाज पाच-सहा जणांचाच. हात कामाला लागले की पोराचं तोंड बंद होतं. समोर उभं राहून हे कळत नाही, कारण आपण स्वतःच मोठ्याने म्हणत असतो आणि आपलाच आवाज आपल्याला वर्गाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी उलट केलं. मी म्हणायचं, त्यांनी तोंड मिटून नुसत्या कृती करायच्या. असं तीन वेळा. त्यानंतर कृती करताना फक्त शेवटचा शब्द त्यांचा. मी "तापली माती, भाजले", ते "पाय!" मी "वरती बघा, दिसतंय", ते "काय?" यमकाचा शब्द त्यांना आपोआप सुचतो, त्याला पाठांतर लागत नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी ओळ त्यांची, चौथ्या दिवशी पूर्ण. लिहून काही दिलं नाही, वाचता कुठे येतंय अजून. चौथ्या दिवशी मी मागे उभी राहून गप्प बसले, आणि आवाज आला.

वर्गातून मैदानावर गेलो आणि नवीन भानगडी निघाल्या. शिंगं धरली की कोपरं बाहेर येतात, शेजाऱ्याच्या कानाला लागतात. तिथे दोघांचं भांडण झालं. मग हात पसरून एकमेकांना न लागण्याएवढं अंतर घेतलं, दोन रांगा केल्या, आणि मागच्याने पुढच्या दोघांच्या मधल्या जागेत उभं राहायचं. डुलायची दिशाही चुकायला लागली. मी त्यांच्याकडे तोंड करून उजवीकडे झुकले की निम्मी पोरं माझ्या उजवीकडे, निम्मी स्वतःच्या. डावं-उजवं अजून पक्कं नाही त्यांचं. वर्गात "खिडकीकडे, फळ्याकडे" म्हणत होते, मैदानावर खिडकी कुठली? तिथे "आधी निंबाकडे, मग टाकीकडे" असं ठरवलं. निंब आणि पाण्याची टाकी जागची हलत नाहीत, मी कुठेही उभी राहिले तरी चालतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते थेंबांचं. तळहातावर एका बोटाने टप, दोन बोटांनी टप टप, मग सगळ्या बोटांनी, ही युक्ती जुनीच आहे. वर्गात बंद दाराआड पंचवीस पोरांनी केलं की खरोखर पत्र्यावर पाऊस सुरू झाल्यासारखं वाटतं. एकीने तर खिडकीबाहेर बघितलं होतं. मैदानावर त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. एका बोटाचा आवाज मोकळ्या हवेत दहा पावलंसुद्धा जात नाही. मॅडमना म्हटलं, तेवढ्या ओळीला समोरच्या सगळ्या शाळेने बोटं वाजवायची, चालेल का? त्या म्हणाल्या, "आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पाचवी-सहावीची टाळ्याच पिटतील." सांगितलं. तरी पिटल्याच थोड्या.

परिपाठ एका गुरुवारी झाला. दोन दिवस आधी चांगला पाऊस झाला होता, त्या दिवशी ऊन होतं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या झाल्या आणि आमचा नंबर आला. मी निंबाखाली उभी राहिले, कृती दाखवायच्या पण तोंडाने म्हणायचं नाही असं स्वतःला बजावून. पहिली ओळ दोघा-तिघांनी आधीच सुरू केली, पण बाकीच्यांनी "पाय"पाशी गाठलं. म्हैस डुलली. टर्र इतक्या जोरात झालं की सहावीच्या रांगेत हशा पिकला, आणि त्या हशामुळे आमची पुढची ओळ दोन थापा उशिरा सुरू झाली. ते बरंच झालं. थेंबांना दीडशे पोरांची बोटं वाजली. पत्र्यावरचा पाऊस नव्हे, पण काहीतरी सरसर ऐकू आलं खरं. ज्याची बाग पडली होती तो पहिल्या रांगेत होता, त्याने तीनाच्या जागी पाच उड्या मारल्या. एक चिमुरडी शिंगांचे हात खाली घ्यायला विसरली आणि शेवटपर्यंत म्हैसच राहिली, टाळ्यासुद्धा तिने डोक्यावरच वाजवल्या.

शेवटच्या ओळीत निम्म्यांनी "पावसाला" म्हटलं, निम्म्यांनी "पाण्याला". हे सरावातही होत होतं. आमच्याकडे पाऊस येत नाही, पाणी येतं. माझी आई आभाळ भरलं की "पानी उना" म्हणायची, पाऊस हा शब्द मी शाळेतच शिकले. थापा दोन्हींना सारख्याच बसतात, म्हणून मी कोणालाच सुधारलं नाही. पुस्तकात पाऊस भेटेलच त्यांना.

मोबाईलवर मी वेळ लावून ठेवली होती, ४८ सेकंद झाली. मॅडमनी दोन मिनिटं दिली होती, म्हणून त्यांनी परत एकदा म्हणायला लावलं. दुसऱ्या खेपेला जास्त चांगलं झालं, पण उड्यांनी एवढी धूळ उडाली की मातीच्या वासाच्या ओळीला सगळी पहिली शिंकत होती. दोन दिवसांत मैदान परत सुकलं होतं. पुढच्या वेळी उड्यांच्या आधी मैदानावर पाणी मारून घेणार आहे.

आणि सातवी ओळ मला अजून पटलेली नाही. "एक थेंब, दोन थेंब" यात पहिल्या दोन थापांत फार शब्द कोंबले गेलेत, पोरं ते पळत पळत म्हणतात आणि मग "टप टप टप" ला येऊन थांबतात. "थेंब थेंब आला" असं करून बघितलं, तर बोटं मोजायची मजा जाते. सध्या तशीच ठेवली आहे.